तीन किलोंची पिशवी

सोमवार, ९ सप्टेंबर १९७४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जालन्याच्या दवाखान्यातील व्यायामोपचाराच्या खोलीत परतूरच्या मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, एक हमाल उंच टेबलावर पाय सोडून बसला होता. ट्रकच्या फळीवरून पडून त्याची उजवी मांडी मोडली होती. हाड जुळले, प्लास्टर निघाले. पण मांडी डावीपेक्षा साडेपाच सेंटिमीटरने बारीक झाली होती. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताला त्याच्या टोळीतला प्रत्येक गडी ज्वारीचे क्विंटलभर पोते घेऊन फळी चढे. जो चढला नाही, त्याची जागा दुसऱ्याला. मुकादमाने तसा निरोपच धाडला होता. हाताशी नऊ आठवडे होते.

मी त्याच्या घोट्याला तीन किलो वाळूची पिशवी बांधली आणि गुडघा सरळ करायला सांगितले. त्याने दहा झटक्यांत दहा वेळा पाय उडवला व माझ्याकडे पाहिले.

“झालं, बाई. आता जल्दी वजन वाढवा.”

“मामा, झटका नको. चार आकडे मोजत वर, चार मोजत खाली.”

“हळू उचललं तर पोतं पाठीवर येतं व्हय? आमच्यात झटक्यालाच हमाली म्हणतात.”

तरी त्याने आकडे मोजत पाय उचलला. सहाव्या खेपेला त्याची मांडी थरथरू लागली आणि त्याचे बोलणे थांबले. मी समजावले. झटका दिला की स्नायूवर क्षणभर मोठा ताण येतो. मग पिशवी त्या वेगावरच वर जाते, स्नायू मोकळा राहतो, आणि उतरताना ती नुसती पडते. सावकाश उचलले की वजन तेच, पण ताण सगळ्या वाटेवर टिकतो, उतरतानाही. स्नायू वाढतो तो ताणामुळे. पिशवी किती वेळा वर गेली हे तो मोजत नाही.

तो आठवड्यातून तीनदा आगगाडीने येई, आणि सुरुवातीला माझी नजर वळली की पुन्हा झटका देई. दर सोमवारी मी घोट्याला लोखंडी मापे टांगून पाहत असे की दहा वेळा जास्तीत जास्त किती उचलता येते. पहिल्या तीन आठवड्यांत आकडा चार किलोंवरून सातवर गेला, आणि मला माझ्या प्राध्यापकांना पाठवायचा निबंध दिसू लागला: वजन न वाढवता, केवळ मंद गतीने मिळवलेले बळ. म्हणून मी पिशवी बदलली नाही. चार सेकंदांचे सहा केले, सहाचे दहा. त्याचा पाय आता घड्याळासारखा चाले, आणि माझ्या वहीतला सेकंदांचा रकाना फार देखणा दिसे.

पुढच्या सोमवारी सात. त्याच्या पुढच्या सोमवारीही सातच.

“बाई, एक इचारू? तुमी मला हळू चालवून राह्यल्या, पण मुकादम काय हळू चालत न्हाई. चार आठवडे राह्यले.”

मी वही मिटली. पुन्हा उघडली. खिडकीपर्यंत जाऊन आले. चूक कोठे होती ते मला ठाऊक होते. निबंधाच्या ओढीने मी तिच्याकडे पाहत नव्हते. वेळ कितीही लांबवला तरी तीन किलोंचा ताण तीन किलोंइतकाच. अशक्त मांडीला तो जड होता. सावरलेल्या मांडीतले थोडेसे तंतूही तेवढा ताण पेलत होते आणि जाडजूड तंतूंना कामच नव्हते. पिशवी अगदी दमेपर्यंत उचलली असती तर तेही ओढले गेले असते. पण मी आकडे मोजत होते आणि तो दमण्याआधीच थांबत होता. ताण किती वेळ राहतो हे गती ठरवते. तो किती मोठा असतो हे वजन ठरवते.

हे मी त्याला सांगितले, चुकीसकट. तो हसला.

“म्हंजे चिल्लर गठुडं आलं की टोळीतला एकच गडी उठतो, बाकीचे बिड्या ओढत बसतात. क्विंटल आला की समदे उठतात. हे आमाला इचारलं असतं तरी कळलं असतं.”

“तुम्हीही झटका सोडायला तीन आठवडे घेतलेत, मामा.”

“मंग झाली ना बराबर फिट्टंफाट.”

त्या दिवसापासून मापे वाढत गेली. आठ किलो, नऊ, साडेदहा. आठ-दहा खेपांत मांडी थकेल एवढे वजन, पण झटका नाही. मी दर वेळी गुडघ्यावर हात ठेवून सूज चाचपत असे. मला झोप नीट लागत नव्हती. वाया गेलेले दोन आठवडे माझे नव्हते, त्याचे होते.

पाडव्याच्या सकाळी मी परतूरला गेले. दोघांनी पोते त्याच्या पाठीवर चढवले. जमिनीवरून झटक्याने पोते उचलता येते, पण फळीवर झटका चालत नाही. तेथे प्रत्येक पाऊल जडही असते आणि सावकाशही. तिसऱ्या पावलाला उजवा गुडघा थरथरला. खालून कोणी तरी म्हणाले, “दवाखान्याची चाल हाय ही.” तो थांबला नाही. पोते ट्रकमध्ये पडले, आणि तो मोकळ्या पाठीने फळी उतरला. मुकादम त्याच्याकडे न बघता पुढच्या गड्याला म्हणाला, “चल, तुझी पाळी.”

पुढच्या सोमवारी तो दवाखान्यात शेवटच्या वेळी आला. टोळीला उशीर होईल म्हणून घाईतच होता. निबंध मी लिहिला नाही. सेकंदांच्या रकान्यावर रेघ मारली आणि शेजारी नोंद केली: उजवी मांडी, सावकाश, दहा वेळा, साडेबारा किलो.