हे खरं, पण म्हणून...

उर्वशी साहू छत्तीसगडची. नवरा अमर कोळशाचा ट्रक चालवतो, म्हणून लग्नानंतर ती आमच्या वणीजवळच्या गावात आली. बाजारापुरती मराठी तिला लवकर आली. पण पोरगी निकिता शाळेत जायला लागली आणि उर्वशीला ग्रामसभेत बोलायचं सुचलं. कारण कोळशाचे ट्रक शाळेच्या फाटकासमोरून जातात, पोरं सुटायच्या वेळीसुद्धा. तेवढा वेळ तरी ते थांबवावेत, एवढंच तिला हवं होतं.

मी निवृत्त मराठी शिक्षक. माझ्याकडे पेपर येतो, हे तिला ठाऊक होतं. "गुरुजी, अग्रलेख समजला म्हंजे मले बोलता येईन," म्हणाली. मला हसू आलं, पण बाईची धमक आवडली.

लिपी तिला येतच होती, त्यामुळे ती घडाघडा वाचायची आणि कळायचं काही नाही. दिसेल त्या शब्दाखाली रेघ ओढायची, म्हणून मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. आधी अख्खा अग्रलेख एका दमात वाचायचा आणि लेखकाला काय पाहिजे ते एका वाक्यात सांगायचं, हिंदीत सांगितलं तरी चालेल. मग पेन्सिल. खूण फक्त ज्या शब्दावाचून मुद्दा अडतो त्याच शब्दाला. अर्थ आधी आजूबाजूवरून ताडायचा, मग मला विचारायचा. शब्द एकटा उचलायचा नाही, जोडीदारासकट उचलायचा: दुर्लक्ष 'करतात', जबाबदारी 'झटकतात'. ओळखीचे दिसणारे शब्द तर जास्तच तपासायचे. 'शिक्षा' वाचून, हिंदीसारखं शिक्षण समजून, ती खूश झाली होती; मराठीत ती छडीची असते म्हटल्यावर चपापली.

शेवटी वाक्याचा सांगाडा. मांस काढून टाकायचं, हाडं ठेवायची: 'अमुक आहे हे खरं, पण म्हणून तमुक असं होत नाही.' त्यात आपल्या घरचं भरायचं. पेपर मिटून तोच मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, मग उघडून पडताळायचा.

बाई हुशार, पण उतावीळ. घरचं भरायची पायरी तिला पोरकट वाटली. तिने वाक्यंच्या वाक्यं पाठ केली आणि ग्रामसभेत उभी राहिली: "अवजड वाहतुकीचा प्रश्न ऐरणीवर आला असून प्रशासनाने जबाबदारी झटकू नये!"

सभा खो खो हसली. कोणी टाळ्या पिटल्या. ट्रकमालक रामलाल म्हणाला, "वा! पेपरच बोलून राह्यला!" सरपंच इंदुताईंनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. मला लोकांचा राग आला, आणि तिचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी ती डोळे सुजवून आली. "आता नाही बोलत मी."

"कायले नाही? हाडं पेपरातून घे म्हटलं होतं मी," मी तडकलो. "तू त मुडदाच उचलून आणला. मांस गावातून घ्या लागते!"

ती रडता रडता हसली. मग बसलो पुन्हा. भाजीवालीवर सांगाडा चालवला, सासूवर चालवला: "सासू मोठी हाये हे खरं, पण म्हून चहा तिनंच गोड करावा असं नाही." मी पोट धरून हसलो. अशी विद्यार्थिनी मला नोकरीतही लाभली नव्हती.

पुढच्या सभेत इंदुताईंनी विषय पुकारला तसा रामलाल गरजला, "ट्रक थांबले त खाशान काय?"

सगळे ड्रायव्हर एका बाजूला बसले होते. त्यांच्यात अमर, मान खाली घालून. उर्वशी उठली.

"ट्रकवर आमचं पोट हाये हे खरं. माहा नवराच चालवते. पण म्हून निकिता शाळंतून निघते तवाच तो फाटकापुढून गेला पाह्यजे, असं होत नाही. शाळा भरताना न् सुटताना जराशे थांबा. कोळसा काही पळून जात नाही."

कोणी हसलं नाही.

मी मनात म्हटलं, आता शेवट येणार: 'याचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.' आमचे सगळे अग्रलेख तिथंच येऊन बसतात. पण ही बाई थांबली नाही. ड्रायव्हरांकडे वळून म्हणाली, "ज्याचं लेकरू त्या शाळंत हाये, त्यानं हात वर करा."

पहिला हात अमरचा होता. मग त्याच्या शेजारच्याचा, मग साऱ्या रांगेचा. ठराव झाला. आता शाळेच्या वेळी ट्रक वेशीवर उभे असतात.

सभेनंतर मी विचारलं, "तो शेवट कोण्या अग्रलेखातला?"

"कोन्याच नाही, गुरुजी. लिवनाऱ्यायले निकिता नाही ना."