जांघेतली गाठ आणि कापलेल्या पाच ओळी

आमच्या घरी मागच्या दोरीवर आईच्या लुगड्याशेजारी एक फडकं वाळत असे. जुन्या धोतराचं, चार पदरी घडी घालून कडेनं टाचलेलं, तळहाताएवढं. ते रोज धुतलं जाई आणि रोज वाळे. आईचं वय तेव्हा पासष्टच्या पुढं होतं, त्यामुळं ते कशासाठी असेल असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. वीस वर्षं मी धाराशिवच्या एका दैनिकात काम केलं, लोकांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा होता, आणि आईला मी त्या फडक्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

आमचं गाव बेंबळीच्या पलीकडं. घरात संडास झाला तो दहा-बारा वर्षांपूर्वी. त्याआधी बायका उजाडायच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर रस्त्याच्या कडेला जात. मधल्या वेळात पोटात काही आलं तरी दाबून धरायचं. दाबून धरावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. आई भर उन्हाळ्यात रानात दिवसभर खुरपत असे आणि एक तांब्या पाणी तिला संध्याकाळपर्यंत पुरत असे. अंधारात बसल्यावरही निवांतपणा नव्हता. गाडीचा उजेड आला की सगळ्या उठून उभ्या राहत. म्हणून जे काय करायचं ते जोर लावून लवकर करायचं, ही सवय लागली. पुढं दारात संडास आला, पत्र्याचं दार आलं, कडी आली. सवय तीच राहिली. पोटात खडा धरलेला, म्हणून कुंथायचं. कुंथून मूळव्याध झालेली, दुखेल म्हणून जायचं टाळायचं, आणि टाळल्यावर आणखी कडक झालेलं बाहेर काढायला पुन्हा कुंथायचं. पत्र्याच्या दाराआडून तिचा दबलेला हुंकार अंगणापर्यंत ऐकू येई. आम्ही सगळे तो ऐकत आलो होतो. घरातल्या जात्याच्या आवाजासारखा तो आम्हाला सवयीचा होता.

मूळव्याधीसाठी मी तिला एकदा दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही त्रास? ती म्हणाली, "न्हाय." मलम आणि इसबगोल घेऊन आम्ही परत आलो.

त्याच सुमारास आमच्या आरोग्याच्या पानासाठी शहरातल्या एका सर्जननं लेख पाठवला. विषय कुंथण्याचाच होता. लोक कुंथण्याचा संबंध फक्त मूळव्याधीशी लावतात, पण जोर लावताना पोटातला सगळा दाब खाली येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. वर्षानुवर्षं रोज तो दाब पडला तर जांघेतली मुळातली नाजूक जागा सैल होते आणि तिथून आतडं कातडीखाली येतं, तो हर्निया. कुणाचा गुदमार्ग बाहेर येतो, बाळंतपणं झालेल्या बाईचं अंग बाहेर येतं, म्हाताऱ्या माणसाला जोर लावताना भोवळ येऊन तो तिथंच पडतो. लेख चांगला होता आणि लांब होता. पान लावायला मी बसले होते. खाली एक जाहिरात आली आणि मजकूर बसेना. बातमी शेवटाकडून कापायची, हे आमचं पहिलं शिक्षण. मी शेवटच्या पाच ओळी काढल्या. त्यांच्या आधीच्या वाक्यात, झोपल्यावर आत जाणारी गाठ तातडीची नसते, पण शस्त्रक्रिया टाळू नये, असं होतं. तिथं स्वल्पविराम खोडून मी पूर्णविराम दिला. लेख 'तातडीची नसते' इथं संपला.

आईला वाचता येत नाही. घरी पेपर वहिनी वाचून दाखवायची.

त्याचं काय झालं ते मला कळलं तेव्हा लेख छापून वर्ष उलटून गेलं होतं. एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी गावी पोचले. आई माजघरात कुशीवर पडलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. शेजारी बादली होती. गावात पोट चोळणारी एक म्हातारी आहे. ती बाह्या सारून बसली होती. वहिनीच्या हातात एरंडेलाची वाटी होती.

"आली का पेपरवाली," म्हातारी म्हणाली. "आता छापून आन म्हनावं, बेंबी सरकली म्हनून."

"काल दिवस मावळल्यापासून पोट दुखतंय, वन्सं," वहिनी म्हणाली. "पहाटंपासून चार येळा उलटी झाली. परसाकडं न्हाय, वारा सुदिक सरला न्हाय. एरंडेल दिलं की मोकळं व्हईल."

"आधी म्या बेंबी बसवते, मग द्या काय द्यायचं ते," म्हातारी म्हणाली आणि तिनं तेलाचा हात पोटावरून खाली नेला. हात उजव्या जांघेजवळ पोचला तशी आई ओरडली. आईला मी तोवर ओरडताना ऐकलं नव्हतं.

लुगड्याचा काचा सुटला होता. आत ते फडकं दिसलं. जांघेच्या घडीत घट्ट दाबून बसवलेलं, घामानं ओलं. म्हातारीचा हात धरून मी बाजूला केला.

"माय, हे काय हाय?"

"काय न्हाय गं. गाठ हाय. कुंथलं की येती, म्हनून दाबून ठेवते."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. निजलं की आत जाती. काल जाईना." तिनं श्वास घेतला. "भ्यायचं काय कारन न्हाय. तुज्याच पेपरात आलं व्हतं की. निजल्यावर आत जाती ती तातडीची नसती म्हनून. हिनंच वाचून दावलं."

वहिनी म्हणाली, "व्हय, मीच वाचलं व्हतं. आत्या म्हनल्या, परत एकदा वाच."

कापलेल्या पाच ओळी मला शब्द न् शब्द आठवल्या. मी त्या वाचून कापल्या होत्या. गाठ आत जाणं बंद झालं, ती कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, तर आतडं अडकलं आहे असं समजावं. त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि काही तासांत ते कुजू लागतं. गाठ जोरानं दाबू नये, चोळू नये, जुलाबाचं औषध देऊ नये, तोंडानं काही देऊ नये. त्याच दिवशी, त्याच घडीला, सर्जनकडं न्यावं.

मी फडकं काढलं. खाली लिंबाएवढी गाठ होती, वरची कातडी लाल झालेली. वहिनीच्या हातातली वाटी मी घेतली आणि मोरीत ओतली.

"अगं येडी का खुळी," म्हातारी म्हणाली. "चांगलं तेल हाय ते!"

"काल किती वाजता दुखायला लागलं?" मी वहिनीला विचारलं.

"सात वाजले असतील."

सात ते नऊ. चौदा तास.

भाऊ तुळजापूरला नोकरीवर गेला होता. शेजाऱ्याची जीप मिळाली. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. पाणी मागायची आणि मी नाही म्हणायचे. आयुष्यभर पाणी टाळलेली बाई पाणी मागत होती, आणि ते देता येत नव्हतं. मध्येच ती म्हणाली, "आता जरा कमी झालंय." मला बरं वाटायला हवं होतं. पण ज्या भागाला रक्त मिळत नाही त्याचं दुखणं थांबलेलंही असू शकतं, असा विचार मनात आला आणि मी चालकाला आणखी जोरात हाण म्हणाले.

धाराशिवच्या रुग्णालयात सर्जन तेच होते, लेखवाले. मला त्यांनी ओळखलं नाही. आमचं बोलणं फोनवरच झालं होतं. आईनं काच्याला हात लावू दिला नाही. "बाप्या मानसासमोर न्हाय," ती म्हणाली.

"आजी, डोळे मिटा. मीही निम्मे मिटतो," ते म्हणाले. आईनं डोळे मिटले.

त्यांना तपासायला मिनिटही लागलं नाही. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, फॉर्म पुढं आला. जांघेतली ही खालची वाट बायकांमध्ये जास्त उघडते आणि ती अरुंद असते, म्हणून आतडं अडकायची भीती तिथं मोठी असते, असं त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. "आतडं जिवंत असेल तर आत ढकलून जागा शिवू. काळं पडलं असेल तर तेवढं कापावं लागेल. वय बघता धोका आहे. लपवत नाही." फॉर्मवर माझी सही नेहमीच्याच सफाईनं आली. पेनाच्या त्या सराईतपणाची मला भीती वाटली.

बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी बसलो. वहिनी म्हणाली, "वन्सं, त्या लेखात पुढं काय व्हतं का?"

"का?"

"आत्या सारखं म्हनायच्या, पुढं काय लिवलंय बघ. मी म्हनलं, संपलं, पुढं जाहिरात हाय."

मी तिला सांगितलं, पुढं पाच ओळी होत्या आणि त्या मी काढल्या. ती पदर तोंडाला लावून ऑपरेशन थिएटरच्या दाराकडं बघत राहिली. दाराच्या काचेतून काही दिसत नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघायचं ठरवलं आणि दर दोन मिनिटांनी बघत राहिले.

दीड तासानं सर्जन आले. आतड्याचं अडकलेलं वेटोळं सोडवून कोमट सलाईनच्या कपड्यात गुंडाळून ठेवलं, रंग परत येतो का बघितलं, असं ते म्हणाले. बहुतेक भाग गुलाबी झाला. चार बोटांएवढा भाग काळाच राहिला, तो कापून टोकं जोडली. जंतूंच्या भीतीमुळं आधाराची जाळी बसवली नाही, नुसती टाक्यांनी जागा बंद केली. पुढचे पाच दिवस जोड धरतो का ते बघायचं.

ते पाच दिवस मी आईच्या पोटावरचा हात काढला नाही. पोट फुगतंय का, ताप चढतोय का. तिसऱ्या दिवशी थोडा ताप आला आणि संध्याकाळी उतरला. पाचव्या दिवशी वारा सरला. सिस्टरनं मोठ्यानं विचारलं तशी आई लाजून भिंतीकडं वळली.

सोडताना मी सर्जनना त्या ओळींबद्दल सांगितलं. त्यांनी हातातला कागद लिहून पूर्ण केला. मग म्हणाले, गाठ नुसत्या कुंथण्यानंच झाली असं म्हणता येणार नाही. बाळंतपणं, डोक्यावरचे हंडे, वय, सगळंच धरायला हवं. पण बाकीचं झालं ते झालं. कुंथणं रोजचं आहे आणि तेवढंच आता थांबवता येतं. टाके पुन्हा त्याच दाबाखाली आले तर जागा पुन्हा सैल होऊ शकते. शौचाला आली की जायचं, दाबून ठेवायचं नाही. पाणी प्यायचं, पातळ करायचं औषध सांगितलं तितकं घ्यायचं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं.

पंधरा दिवसांनी मी त्या पाच ओळी आणि खोडलेलं अर्धं वाक्य पहिल्या कॉलममध्ये लावलं. खुलासा दिला नाही. त्या आधी छापायच्या राहिल्या होत्या, एवढंही लिहिण्याचं धाडस झालं नाही.

आई गावी परतल्यावर पहिले आठ दिवस मी तिथंच राहिले. दोरीवर आता फक्त लुगडं असे. रोज सकाळी पत्र्याच्या दाराला कडी लागली की मी अंगणात उभी राहायचे आणि तो हुंकार येतो का ऐकायचे. एके दिवशी आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मला ती शांतताही सोसेना.

"माय?"

"न्हाय कुंथत गं," आतून आवाज आला. "बसलेय नुसती. तू हो तिकडं."

मी दोन पावलं मागं सरले. तेवढीच.