पंच्याऐंशी टक्के पाणी

जलमापन खात्यात पाणी मोजणाऱ्यांपेक्षा नोकरीची वर्षं मोजणारे जास्त, हे बाईंना रुजू झाल्यावर आठवड्याभरातच कळलं. पहिली नेमणूक डोंगरातल्या मोजणी केंद्रावर झाली. पुढच्या अकरा वर्षांत दोन बदल्या झाल्या, त्याही डोंगरातच, कारण मुख्यालयातली खुर्ची सोडायची म्हटलं की तिथल्या मंडळींची पाठ हटकून धरायची. नवरा आणि मुलगी शहरात, बाई एका पत्र्याच्या खोलीत. मुलगी आठवीत गेली तरी आई तिला रजेपुरतीच माहीत होती.

दुसऱ्या केंद्रावर बाईंनी कुणी न सांगता एक काम केलं. ओढ्यात लाकडी ठोकळा तरंगत सोडायचा, त्याचा वेग काढायचा आणि त्याच्या पंच्याऐंशी टक्के धरायचा, ही खात्याची रीत. वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं, म्हणून ही वजावट. संथ नदीला ते ठीक आहे. डोंगरातला ओढा मात्र धोंड्यांवरून ठेचकाळत जातो. बाईंनी दोन वर्षं यंत्राने खालचाही वेग मोजला आणि वर कळवलं, की इथे सत्तरच धरा, नाहीतर ओढ्यात नसलेलं पाणी कागदावर दिसेल. नवल म्हणजे खात्याने ऐकलं आणि परिपत्रक काढलं. त्यात बाईंचं नाव नव्हतं, पण आकडा त्यांचा होता.

शहरातल्या मुख्यालयात डोंगरी प्रवाहांची खास शाखा निघाली. तिथे जायला विभागीय परीक्षा पास व्हायला हवी. संधी तीन, आणि तिन्ही हुकल्या की ज्येष्ठता गेली, मागून आलेले पुढे. बाईंनी पहिल्या पेपरात डोंगरी ओढ्याच्या गणितात सत्तर धरले आणि त्या चार गुणांनी नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच गणित आलं, पुन्हा तोच निकाल. फेरमोजणी मागितली तर गुणांची बेरीज बरोबर असल्याचं छापील पत्र आलं.

मग त्या परीक्षा कक्षाच्या साहेबांना भेटल्या. साहेब स्वतः ही परीक्षा कधी पास झालेच नव्हते. वयाची पंचेचाळिशी गाठली म्हणून त्यांना सूट मिळाली होती. मांजर दुधाच्या राखणीला बसवावं तसं खात्याने त्यांना तिथे बसवलं होतं.

"साहेब, उत्तरसूचीत जुना आकडा आहे. परिपत्रक निघून पाच वर्षं झाली."

"परिपत्रक मोजणी शाखेचं, बाई. सूची आमच्या कक्षाची. आम्हाला कुणी कळवलंच नाही."

"मी कळवतेय ना."

"तुम्ही उमेदवार. उमेदवाराने सूची कशी काय सुधारायची?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "शहाण्यासारखं पंच्याऐंशी लिहा आणि मोकळ्या व्हा. ओढ्याला काय कळतंय?"

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला. "आता तरी हट्ट सोड," एवढंच तो म्हणाला. मागून मुलीचा आवाज आला नाही. बाईंना त्याचंच जास्त लागलं.

तिसऱ्या पेपरात बाईंनी पंच्याऐंशी लिहिलं. स्वतःच खोटा ठरवलेला आकडा लिहिताना त्यांना आपलीच लाज वाटली, पण हात थांबला नाही. त्या पास झाल्या, बढती मिळाली, खास शाखेत बदली झाली. खात्याच्या मासिकात त्यांचा फोटो आला. मुलगी रोज दिसू लागली. नव्या मोजणीदारांना डोंगरात सत्तर धरायला बाई शिकवत, आणि विषयतज्ज्ञ म्हणून परीक्षेचे पेपर तपासताना त्याच सत्तरावर काट मारत. खात्यात यालाच अनुभव म्हणतात.

तीन वर्षांनी त्यांच्या टेबलावर एक अर्ज आला, अभिप्रायासाठी. डोंगरातल्या केंद्रावरची एक मोजणीदार दोन गुणांनी नापास झाली होती, तिसऱ्या संधीत. तिने सत्तर धरले होते. सोबत परिपत्रकाची प्रत जोडली होती, आणि लिहिलं होतं, की हे मला तुम्हीच प्रशिक्षणात शिकवलंत.

बाई अर्ज घेऊन साहेबांकडे गेल्या. "हिचं बरोबर आहे, साहेब. आता तरी सूची बदलू या."

"बदलू की. मग आजवर पंच्याऐंशीवर पास झालेल्यांचे पेपर पुन्हा काढावे लागतील. ज्येष्ठतेची यादी नव्याने. तुमचा पेपरही त्यातच निघेल." साहेब हसलेसुद्धा नाहीत. "लिहा तसा अभिप्राय. मी सही करतो."

बाई जागेवर आल्या. ज्या खात्याला आयुष्यभर नावं ठेवली, ते खातं आता आपल्याच खुर्चीत बसलंय, हे त्यांना लख्ख दिसलं, आणि तरीही खुर्ची सोडवेना. त्यांनी लिहिलं : उत्तर सूचीशी जुळत नाही. अर्ज अमान्य.

महिनाभराने खास शाखेतून डोंगरी केंद्रांच्या बदल्यांची यादी निघाली. त्या मोजणीदाराला आणखी आतल्या डोंगरातलं केंद्र मिळालं होतं. यादी तपासून खाली सही केली ती बाईंनीच.