चारही पर्याय बघ

लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलंमाकलं तर माफ करा. पण हे कुणाला तरी सांगायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. ठाण्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासने वर्षाच्या कोर्सची एक जागा फुकट ठेवली होती. त्यासाठी कॉम्प्युटरवरच परीक्षा. वीस मिनिटं, तीस प्रश्न. वेळ संपली की स्क्रीन आपोआप बंद.

वर्गातला माझा मित्र डोंबिवलीच्या खाडीकाठचा, कोळ्याच्या घरातला. आम्ही दोघांनीही फॉर्म भरलेला. गणितं मांडून सोडवायला वेळ पुरत नाही, म्हणून कॉलेजच्या जिन्यात बसून मी त्याला युक्ती शिकवली. समीकरण मांडायचंच नाही, दिलेलं उत्तर प्रश्नात टाकून बघायचं.

प्रश्न होता: दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज नऊ, अंक उलटवले की संख्या सत्तावीसने वाढते. पर्याय ५४, ६३, ३६, ४५.

त्याने एकेक उलटवून पाहिला. "छत्तीसचे त्रेसष्ट. सत्तावीस वाढले! जुळलं की थांबायचं ना रे?"

"चारही बघ," मी म्हणालो. "खात्री होते."

"तू म्हणजे आमच्या आईसारखा. मासळी चारदा धुणार!" तो हसला आणि त्याने पंचेचाळीसही उलटवून पाहिला.

खरं तर जुळलं की थांबायचं असतं. आणि त्याआधी न बसणारे पर्याय खोडायचे. संख्या वाढते म्हणजे पहिला अंक लहान हवा, मग ५४ आणि ६३ नुसत्या नजरेनेच बाद. उरतात दोन. हे मला येत होतं. त्याला सांगायचं राहून गेलं, असं मी मनाला सांगितलं. राहून गेलं नव्हतं. जागा एकच होती.

परीक्षेच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं होतं. मी खोडत गेलो, एक पर्याय तपासला की पुढे. माझे तीसही प्रश्न सोडवून झाले. शेजारी तो कच्च्या कागदावर भराभर आकडे मांडत होता. स्क्रीन गेली तेव्हा त्याच्या तोंडून "अरे!" एवढंच निघालं.

माझे चोवीस बरोबर आले. जागा मला मिळाली. त्याने मला वडापाव खिलवला. तो मी खाल्ला.

पुढे त्याने कॉलेज सोडलं, भेटी थांबल्या. गेल्या महिन्यात ठाकुर्लीला त्याची बहीण भेटली. मी त्या परीक्षेचा विषय काढला.

"दादा, त्याचे एकवीस झालेले, एकवीसच्या एकवीस बरोबर," ती म्हणाली. "बाकीचे नऊ उघडलेच नाहीत. त्यानंतर त्याने कुठल्याच परीक्षेचा फॉर्म भरला नाही. म्हणतो, युक्ती चांगली होती, आपलाच हात स्लो."