काचेवरचा खार

हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात भागाबाई झाडलोट करायची. तिथल्या न्हाणीघराची तिला मोठी ऐट होती. गोऱ्या साहेबाने जाताना मागे ठेवलेला फवारा, चकचकीत नळ, आणि फवाऱ्यापुढे उभी काच. पण विहिरीचं पाणी असं जड, की त्यात डाळही लवकर शिजेना. नळांवर खाराचा पांढरा थर चढला, काच तर ताक फासल्यासारखी झाली.

नवे मॅनेजर श्रीनिवासराव नाक वर करून म्हणाले, "रविवारी मुंबईचे मालक येतायत. काच स्वच्छ दिसली नाही, तर सोमवारपासून दुसरी बाई."

भागाबाईच्या घरी खाणारी तोंडं होती, आणि हे काम गेलं तर शेतात निंदायला जावं लागलं असतं. तिने पितळेच्या हंड्यांना लावायची ती विटेची भुकटी घेतली आणि खालच्या कोपऱ्यात जोरात घासली. थर हलला नाही, काचेवर ओरखडा मात्र उठला. तिने जीभ चावली, भुकटी मोरीत ओतली आणि कोपऱ्यापुढे बादली ठेवली.

मग ती खानसामा रामाजीकडे गेली. "सिरका दे थोडा. अन् लिंबं."

"काऊन? शरबत करून राह्यली का?"

"नळाले पाजतो."

सिरक्यात तेवढंच पाणी घालून तिने जुन्या धोतराच्या चिंध्या भिजवल्या आणि काचेवर चिकटवल्या, म्हणजे आंबट पाणी ओघळून जाऊ नये. नळांना लिंबाच्या रसात भिजवलेली फडकी गुंडाळली. एक विडा रंगवून होईपर्यंत ती बसून राहिली. नळांवर फार वेळ ठेवलं तर मुलामा काळवंडतो, म्हणून फडकी आधी तिथली काढली. थर मऊ पडला होता. लिंबाच्या सालीने हलकेच चोळला तसा तो सुटला. काचेला तिने हाच उपचार पुन्हा केला, भरपूर पाण्याने धुतली आणि कोरडी पुसली, नाहीतर थेंब वाळून पुन्हा डाग पडले असते. काच इतकी निर्मळ झाली की आहे की नाही तेच कळेना.

रविवारी मालक प्रभाकरराव आणि त्यांचे भागीदार अच्युतराव आले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरराव फवाऱ्याखाली होते, तेवढ्यात आरशापुढे दाढी करायला अच्युतराव आत शिरले. याआधीच्या मुक्कामांत हे रोजचंच होतं. खाराच्या पडद्यामुळे कोणी कोणाला दिसत नसे. आज मात्र दोघांनी एकमेकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. प्रभाकरराव ओरडले, अच्युतरावांचा साबण पडला, आणि नाश्त्याला दोघे एकमेकांशी बोलेनात. कापसाच्या सौद्याची बैठक तशीच अडली.

श्रीनिवासराव घामाघूम होऊन मागच्या अंगणात आले. "भागाबाई, ते डाग होते तेच बरे होते. परत येतील का?"

भागाबाईला हसू आवरत नव्हतं. तिने पदर तोंडाशी धरला.

"येतीन ना साहेब. काच पुसाची नाई, वाळू द्याची. पर दोन वर्सं तरी लागतीन," ती म्हणाली. "अन् तवापर्यंत काच कोणी पुसू नये, हे पाहाले मले इथंच राहा लागन."