झे फ्र्वा, एकदम बरोबर

२००६ च्या पावसाळ्यात मी पुण्याजवळच्या माण गावात एका घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते आणि हिंजवडीच्या एका कंपनीत फ्रेंच शिकवत होते. माझ्याच मजल्यावर तिघे इंजिनियर राहायचे. त्यातला नांदेडचा मुलगा माझ्या वर्गात होता. तोंडी परीक्षा पास झाला तरच कंपनी त्याला फ्रान्सला पाठवणार होती. फ्रान्सला जातोय, असं त्याने घरी आधीच सांगून टाकलं होतं.

त्याची गाडी एकाच ठिकाणी अडायची. फ्रेंचमध्ये भूक, तहान, थंडी माणसाजवळ असतात. झे फँ, शब्दशः 'माझ्याजवळ भूक आहे', म्हणजे मला भूक लागलीय. हा मात्र इंग्रजीतून विचार करायचा आणि 'मी आहे' म्हणून सुरुवात करायचा, झ स्वी. मी वैतागून सांगायची, "अरे, मराठीत 'मी भूक आहे' म्हणतोस का?" सगळे हसायचे, तोही हसायचा.

माझ्या वर्गाचा नियम कडक होता. जे हवं ते फ्रेंचमध्ये मागायचं, आणि वाक्य चुकलं तर मी बहिरी. तहानलेल्यालासुद्धा वाक्य सुधारेपर्यंत मी पाण्याची बाटली देत नसे. या नियमाचा मला फार अभिमान होता.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तो मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. मध्येच हात वर करून म्हणाला, "मादाम, झे फ्र्वा." मला थंडी वाजतेय. पुढे न अडखळता, "झे माल आ ला तेत." डोकं दुखतंय.

मी टाळ्या वाजवल्या. "त्रे बियँ! फारच छान!" सगळ्या वर्गाकडून ती दोन्ही वाक्यं तीनतीनदा म्हणून घेतली. त्यालाही पुन्हा म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. मग मी फळ्याकडे वळले.

संध्याकाळी घरमालकीण जिन्यातच भेटल्या. "त्या नांदेडच्या पोराला दवाखान्यात नेलाय. सकाळधरनं थंडी वाजतीया म्हनत हुता. तुमच्याच वर्गात हुता ना, बाई? तुमाला बोलला न्हाई व्हय?"

"बोलला," मी म्हटलं.

डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी तो गेला. दुपारीच दवाखान्यात नेला असता तर वाचला असता का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं दोघंही म्हणाले. मला ते पुरत नाही.

सामान न्यायला त्याचे वडील आले. बॅग भरून झाल्यावर माझ्या दाराशी आले, पण आत आले नाहीत.

"मॅडम, एकच विचारायचं होतं. त्याला जमत होतं का हो ते फ्रेंच? फोनवर म्हणायचा, मी सारखा चुकतो."

"शेवटच्या दिवशी एकही चूक केली नाही त्याने," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला हात जोडले.