मौसांचा भाडेकरू

दिव्यसिंह पटनायकांना आम्ही सगळे मौसा म्हणायचो. भुवनेश्वरात आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांची येरझार मला घरबसल्या ऐकू येई. जानेवारी लागला की ती दुप्पट व्हायची, कारण मौसांचा भाडेकरू पावत्या मागायचा.

भाडेकरू म्हणजे त्यांचाच मुलगा सिबाशिष. घर मौसांच्या नावावर. सिबाच्या पगारात घरभाडे भत्ता होता. ‘‘बापाला भाडं दिलं तर कर वाचतो, पावतीवर फक्त सही करा,’’ असं तो पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा मौसा उसळलेच होते. ‘‘न मिळालेल्या पैशाची पावती? जमणार नाही!’’

मग दर महिन्याला बारा हजार खरोखर त्यांच्या खात्यावर येऊ लागले. मौसांनी जन्मभर नोकरी केली त्या कागदगिरणीने निवृत्तीवेतन दिलं नव्हतं, औषधालाही मुलासमोर हात पसरावा लागे. आता एक तारखेला फोन वाजला की मौसा मला हाक मारत, ‘‘चल रे बाबू, भाडं आलं! बरा-घुगनी माझ्याकडून.’’ बरा म्हणजे तिकडचा उडदाचा वडा, घुगनी म्हणजे वाटाण्याची उसळ. उत्पन्न विवरणपत्रातही दाखवत, छाती काढून.

पावती मात्र बघावी. महिना, भाडेकरूचं नाव, घराचा पत्ता, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, मालकाचं नाव, पॅन क्रमांक. पैसे बँकेतून येतात, महसुली तिकिटाची गरज नाही, असं सिबा कितीदा म्हणाला. तरी मौसा रुपयाचं तिकीट चिकटवून त्याच्यावरून आडवी सही ठोकत.

यंदा पावत्या लिहून तयार होत्या, पण मागायला कुणी येईना. मौसांना चैन पडेना. माझ्या दारात दोनदा येऊन गेले. शेवटी रविवारी मला घेऊन स्वतःच सिबापुढे उभे राहिले.

‘‘अरे हो, राहिलंच सांगायचं,’’ सिबा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. ‘‘यंदा मी नवी करपद्धत घेतली. तिच्यात घरभाड्याची सूटच नाही. पावत्या नकोत.’’

‘‘आणि भाडं?’’

‘‘ते बँकेतून आपोआप जात होतं, थांबवायचं विसरलो. थांबवतो आता. घरचेच पैसे बापा, या खिशातले त्या खिशात. लागतील तेव्हा मागा की!’’

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पोरगा वाईट नव्हता, नुसता बिनडोक.

मौसा हातातल्या पावत्यांच्या कडा जुळवत राहिले. म्हणाले, ‘‘भाडेकरूने निदान महिन्याची सूचना द्यायची असते.’’

सिबा खो खो हसला. ‘‘बापा, तुम्ही पण ना!’’

एक फेब्रुवारीला सकाळपासून भिंतीपलीकडे चपला फिरत होत्या. फोन काही वाजला नाही. दहाच्या सुमारास मौसा दारात आले, इस्त्रीचा सदरा घालून, नेहमीसारखेच. आम्ही बऱ्याच्या गाड्यापर्यंत चालत गेलो. पानात बरा पडला, वर घुगनी पडली. त्यांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

‘‘बाबू, आजचे तू दे,’’ म्हणाले. ‘‘सिबाकडे मागायचं म्हणून दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेलो होतो रे.’’